'तअमीन' म्हणजे इथे विमा नव्हे: अरबी निविदा सूचना इंग्रजीत आणताना

कोल्हापूरकडच्या एका पंप कारखानदारांनी मला पहिल्यांदा अरबी निविदा पाठवली, तेव्हा सोबत तीनच प्रश्न होते. "मॅडम, यात आपण बसतो का? कधीपर्यंत भरायची? आणि पैसे किती अडकणार?" इजिप्तमधल्या एका पाणीपुरवठा कंपनीची एका पानाची सूचना होती, वाकडी स्कॅन केलेली, कोपऱ्यात गोल शिक्का. त्यांना ती इंग्रजीत हवी होती, कारण पुढे ती त्यांच्या बँकेला आणि कैरोतल्या माणसाला दाखवायची होती. पात्रता, मुदत आणि अनामत ही तीन उत्तरं बरोबर निघाली की निविदेच्या अनुवादाचं नव्वद टक्के काम झालं, असं माझं आजही मत आहे. बाकीचं पान पत्त्यांचं, शिक्क्यांचं आणि "सविस्तर माहितीसाठी संपर्क साधा" या छापाचं असतं.

मराठी माणसाला या कागदात एक सोय आहे आणि त्याच सोयीत एक खड्डाही आहे. अरबी सूचनेतले निम्मे शब्द आपल्याला आधीच भेटलेले असतात. मुद्दा म्हणजे मुदत, शर्त म्हणजे अट, तारीख म्हणजे तारीख, किमा म्हणजे किंमत, कबूल म्हणजे स्वीकार. रकमेच्या आधी 'फकत' येतं आणि शेवटी 'ला गैर', म्हणजे 'याहून अधिक नाही'. आपण चेकवर 'अक्षरी रुपये पन्नास हजार फक्त' लिहितो ना, त्यातलं 'फक्त' तिथूनच आलंय. पण काही शब्द वाटेत अर्थ बदलून आले आहेत, आणि निविदेत नेमके तेच महत्त्वाच्या जागी बसलेले असतात.

मी इथे एक नमुना सूचना घेते. ती मीच रचलेली आहे, पण तिची घडण इजिप्तच्या सूचनांसारखी आहे. तिचा मजकूर मराठीत असा, फक्त अडखळवणारे अरबी शब्द मी तसेच ठेवलेत, त्यांचे अर्थ पुढे येतात: "2025/2026 या आर्थिक वर्षातली सार्वजनिक मुनाकसा क्रमांक 7. सांडपाण्याचे 12 सबमर्सिबल पंप पुरवणे. अटी व तपशिलांच्या पुस्तिकेची किंमत 1,500 पाउंड, ला तुरद्द. तांत्रिक पाकिटं उघडण्याची बैठक रविवार 5/4/2026 रोजी दुपारी बारा वाजता. तअमीन मुअक्कत 50,000 पाउंड, तांत्रिक पाकिटात ठेवावी. निविदा तांत्रिक पाकिटं उघडल्याच्या तारखेपासून 90 दिवस वैध राहील. सोबत व्यापारी नोंदणी आणि करपत्राची सूरा, अथवा दोहोंशी समतुल्य. गेल्या पाच वर्षांतली तत्सम कामांची साबिकत अअमाल. परदेशी निविदाकाराचा इजिप्तमध्ये वकील असावा. मुदतीनंतर येणाऱ्या निविदेची दखल घेतली जाणार नाही."

पहिल्याच ओळीत 'मुनाकसा' आहे. तो 'नक्स' म्हणजे घट या शब्दावरून झाला. दर खाली आणायची चढाओढ, म्हणून मुनाकसा. उलट जिथे दर वर चढवायचा असतो, जुना माल किंवा जागा विकायची असते, तिथे 'मुझायदा' असतो, म्हणजे आपला लिलाव. दोन्हींना सरसकट 'टेंडर' म्हणून मोकळं होणारे अनुवादक मी पाहिलेत. मग गिऱ्हाईक विकायला निघालेल्या भंगाराला पुरवठ्याचं काम समजतं. तिसरा शब्द 'मुमारसा'. शब्दकोशात त्याचा अर्थ सराव असा सापडतो, आणि कुवेतमधल्या काही सूचनांच्या इंग्रजी आवृत्तीत चक्क 'प्रॅक्टिस' छापलेलं दिसतं. प्रत्यक्षात ती वाटाघाटी करून केलेली खरेदी असते. तिथे दर भरल्यावर पुन्हा कमी करायला बोलावतात, म्हणून हा शब्द चुकला तर कारखानदार पहिल्या फेरीतच आपला तळाचा भाव सांगून बसतो.

क्रमांकाच्या बाजूला 2025/2026 आहे. इजिप्तचं आर्थिक वर्ष जुलै ते जून चालतं, म्हणून दोन सालं. छापील पानावर ते बऱ्याचदा डावीकडून पाहिलं तर 2026/2025 असं दिसतं, कारण वाचणारा उजवीकडून येतो. इंग्रजीत उतरवताना क्रम सरळ करायचा. बारीक गोष्ट आहे, पण पाकिटावर निविदेचा क्रमांक उलटा लिहून पाठवला तर पाकीट कुठल्या ढिगात जाईल याचा भरवसा नाही.

बारा की दोन?

तारखेआधी आकड्यांबद्दल सांगायला हवं. अरबी लोक आपल्या अंकांना 'अरकाम हिंदिया', म्हणजे हिंदी अंक, म्हणतात. त्यामुळे आपल्याला ते ओळखीचे वाटतात, आणि तिथेच फसगत होते. अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो. अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका. अरबी नऊ आपल्या एकासारखा दिसतो. तेव्हा पन्नास हजार ही रक्कम कागदावर एक गोल आणि पुढे चार ठिपके अशी दिसते. मराठी डोळ्याला ते शून्य आणि टिंबं वाटतात, आणि खराब स्कॅनमध्ये एक ठिपका उडाला की पन्नासाचे पाच हजार होतात. म्हणून रक्कम नेहमी अक्षरांतून वाचायची: 'खमसून अल्फ', पन्नास हजार. अंक आणि अक्षरं जुळली नाहीत तर अनुवादात दोन्ही जसंच्या तसं ठेवायचं आणि टीप द्यायची. स्वतः न्यायाधीश व्हायचं नाही.

आता बैठकीची वेळ. नमुन्यात 'अथ-थानिया अशरा झुहरन' आहे. 'थानिया' म्हणजे दुसरी आणि 'अशरा' म्हणजे दहा. दोन्ही मिळून बारावी, म्हणजे दुपारचे बारा. पण 'अथ-थानिया झुहरन' एवढंच असेल तर दुपारचे दोन. ओळ 'थानिया'पाशी मोडली आणि 'अशरा' पुढच्या ओळीच्या टोकाला गेला, किंवा स्कॅनच्या घडीत हरवला, की बाराचे दोन होतात. हे दोन तास खुळखुळ्यासारखे हातात घेऊन बसलेला माणूस दीडला कार्यालयाच्या दारात पोचतो आणि पाकिटं उघडून झालेली असतात. इंग्रजीत ही वेळ लिहिताना मी 'बारा पी.एम.' कधीच लिहीत नाही; 'बारा नून' असं स्पष्ट लिहिते, कारण पी.एम.चा अर्थ मध्यरात्र घेणारे लोक जगात आहेत.

वार तपासणं ही सर्वांत स्वस्त खातरजमा आहे. 5 एप्रिल 2026 रविवार आहे. सूचनेत 'यौम अल-अहद' म्हणजे रविवारच लिहिलाय, म्हणून दिवस आणि महिना उलटलेला नाही हे नक्की झालं. तो आकडा 4 मे म्हणून वाचला असता तर सोमवार निघाला असता. अरबी वारांची नावं मोजणीची आहेत: इथनैन, थुलाथा, अरबिआ, खमीस. रविवार पहिला धरून दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, अशी ती सोमवारपासून गुरुवारपर्यंत चालतात. आठवडा सोमवारपासून मोजायची सवय असलेला माणूस 'थुलाथा' म्हणजे तिसरा दिवस, म्हणजे बुधवार, असा हिशेब करतो आणि एक दिवस चुकतो. खरा अर्थ मंगळवार. आणि रविवार तिथे कामाचा दिवस असतो, सुट्टी शुक्रवार-शनिवारची. कारखानदारांच्या कार्यालयात मात्र रविवारी कुणी फोन उचलत नाही, हे आधी सांगून ठेवावं लागतं.

इंग्रजीत महिना कायम अक्षरांत लिहायचा, आणि वेळेपुढे 'कैरो टाइम' जोडायचं. एप्रिलच्या सुरुवातीला कैरो आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, म्हणजे तिथले बारा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. इजिप्तने 2023 पासून घड्याळ पुढे करणं पुन्हा सुरू केलंय. एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारपर्यंत हा फरक अडीच तासांवर येतो. मे महिन्यातली मुदत साडेतीन तासांच्या हिशेबाने धरली तर एक तास आपण स्वतःलाच फुकट बहाल करतो.

इराक, सीरिया, जॉर्डनच्या सूचना आल्या की महिन्यांची नावंही बदलतात. तिथे डिसेंबरला 'कानून पहिला' आणि जानेवारीला 'कानून दुसरा' म्हणतात. पहिला वर्षाच्या शेवटी आणि दुसरा पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला. सौदीच्या कागदावर हिजरी तारीख शेजारी असते. दोन्ही तारखा एकाच दिवशी पडतात का ते पाहायचं, पडत नसतील तर दोन्ही लिहून विचारणा करायची. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षाहून साधारण अकरा दिवसांनी लहान असतं, हे वर्षांत मोजलेल्या अटींच्या वेळी लक्षात ठेवावं.

वकील, सूरा, आणि एक द्विवचन

पात्रतेच्या कलमांत माझी सर्वांत मोठी चूक झाली, ती 'वकील' या शब्दावर. मराठीत वकील कोर्टात जातो. अरबीत वकील म्हणजे प्रतिनिधी, मुखत्यार, एजंट; कोर्टातल्या वकिलाला तिकडे 'मुहामी' म्हणतात. सुरुवातीच्या काळात मी एका सूचनेत घाईने 'लॉयर' लिहिलं. गिऱ्हाइकाने कैरोत फी मोजून एका वकिलाकडून पत्र आणवलं. ते पत्र निविदा समितीच्या काही कामाचं नव्हतं, कारण त्यांना हवा होता व्यापारी प्रतिनिधी आणि त्याच्या नावे 'तौकील'. 'तौकील' म्हणजे आपलं कुलमुखत्यारपत्र. गंमत अशी की 'वकीलपत्र' हा आपला शब्द तौकीलच्या अगदी जवळ जातो. फक्त आपण त्यातला वकील कोर्टापुरता उरवला. त्या दिवसानंतर मी प्रत्येक ओळखीच्या शब्दाखाली पेन्सिलने एक रेघ ओढते.

'सूरा' दुसरा. आजच्या अरबीत सूरा म्हणजे फोटोही आणि प्रतही. 'सिजिल तिजारीची सूरा' म्हणजे व्यापारी नोंदणीची प्रत, तिचा फोटो नव्हे. त्याच्या उलट 'अस्ल' म्हणजे मूळ कागद. इथे मराठी आपल्याला साथ देते, कारण आपला 'अस्सल' तोच. 'सूरा तिबक अल-अस्ल' आलं तर मूळाबरहुकूम प्रत, इंग्रजीत 'सर्टिफाइड ट्रू कॉपी'. शाळेच्या दाखल्यावर शिपाई शिक्का मारून देतो तोच प्रकार.

'साबिकत अअमाल'चा शब्दकोशी अर्थ 'आधीची कामं'. पण ही यादी म्हणजे फक्त अनुभव नव्हे. त्यात कुणासाठी, किती रकमेचं, कधी पूर्ण केलं याचा पुरावा अपेक्षित असतो. म्हणून मी 'एक्स्पीरियन्स' न लिहिता 'पूर्वी पूर्ण केलेल्या तत्सम कामांची नोंद' या अर्थाची इंग्रजी शब्दयोजना करते. शिवाय 'गेल्या पाच वर्षांत' हे कशाला लागू आहे ते बघावं लागतं: करार झाला तेव्हाला, की काम पूर्ण झालं तेव्हाला. अरबी वाक्य दोन्ही अर्थ देत असेल तर इंग्रजीतही ती संदिग्धता टिकवायची. अनुवादकाने वाक्य साफ केलं तर कारखानदार एखादं जुनं मोठं काम यादीतून वगळून टाकील.

आणि आता ते द्विवचन, ज्याच्यासाठी मला ही सूचना खरं तर आवडते. कलम आहे, व्यापारी नोंदणी आणि करपत्राची प्रत, 'औ मा युआदिलुहुमा'. शेवटचा 'हुमा' हा प्रत्यय द्विवचनाचा आहे, 'त्या दोहोंशी समतुल्य'. मराठीत द्विवचन नाही, पण शाळेत संस्कृत केलेल्याला ते चटकन कळतं. त्या जागी 'हा' असतं, 'युआदिलुहा', तर सवलत फक्त करपत्राला लागू आहे असा वाद घालता आला असता, आणि व्यापारी नोंदणी इजिप्तचीच हवी असा अर्थ निघाला असता. भारतातल्या कंपनीकडे इजिप्तची नोंदणीही नसते आणि करपत्रही नसतं. तिच्याकडे कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र आणि जीएसटी, पॅन असतं. म्हणजे 'आपण यात बसतो का' या प्रश्नाचं उत्तर एका प्रत्ययावर टांगलेलं आहे. इंग्रजीत नुसतं 'ऑर इक्विव्हलंट' लिहिलं तर हा सारा अर्थ गळून जातो. मी 'दोन्ही कागदांशी समतुल्य' असं पूर्ण लिहिते, वाक्य थोडं बोजड झालं तरी चालतं.

पन्नास हजारांचं कलम

'तअमीन मुअक्कत'. अरबी-इंग्रजी शब्दकोश उघडा, 'तअमीन'समोर पहिला अर्थ 'इन्शुरन्स' मिळेल. इजिप्तमध्ये विमा कंपनीच्या पाटीवरही हाच शब्द असतो. म्हणून इंग्रजी अनुवादांत 'टेम्पररी इन्शुरन्स' वाचायला मिळतं, आणि गिऱ्हाईक विमा एजंटाला फोन लावतं. मराठी माणसाला मात्र एक आडवाट उपलब्ध आहे. 'तअमीन' ज्या धातूपासून झाला त्याच धातूपासून 'अमानत', आणि अमानत मराठीत आली ती 'अनामत' होऊन. आपल्या ई-निविदा सूचनांतली 'अनामत रक्कम' किंवा 'इसारा रक्कम' आठवा. अर्थ तोच: निविदाकार मध्येच पाठ फिरवणार नाही याची हमी म्हणून आधी ठेवलेले पैसे. 'मुअक्कत' म्हणजे तात्पुरती, निकाल लागेपर्यंतची. काम मिळालं की तिची जागा 'तअमीन निहाई' घेते, ती साधारण करारमूल्याच्या पाच टक्के.

इंग्रजीसाठी मी 'बिड सिक्युरिटी' ठेवते. 'बिड बाँड' बोलायला सुटसुटीत आहे, पण त्यातून बँकेचा किंवा हमीदाराचा कागदच डोळ्यांपुढे येतो. तअमीन मात्र रोख भरणा, बँकेने स्वीकृत केलेला चेक किंवा बँक हमीपत्र यांतल्या कुठल्याही रूपात मागितलेली असू शकते. हमीपत्राला अरबीत 'खिताब दमान' म्हणतात. 'दमान'च्या पोटी आपला 'जामीन' आहे, म्हणून हे लक्षात राहायला सोपं. त्याची गल्लत 'इअतिमाद मुस्तनदी'शी करायची नाही, ते पैसे देण्यासाठीचं लेटर ऑफ क्रेडिट असतं. बँकेच्या टेबलावर हे दोन कागद दोन वेगळ्या खात्यांकडे जातात, आणि चूक कळेपर्यंत आठवडा जातो.

रकमेबद्दल कायदा काय म्हणतो ते माहीत असलं की अनुवाद तपासता येतो. इजिप्तच्या 2018 च्या कायदा क्रमांक 182 नुसार ही अनामत खरेदीच्या अंदाजित किमतीच्या दीड टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि सूचनेत ती ठोक रक्कम म्हणून येते. ठोक रक्कम का, तर ती तांत्रिक पाकिटात जाते, आणि दराचं वेगळं पाकीट त्यानंतर उघडतं. ती निविदाकाराच्या दराच्या टक्केवारीत असती तर तांत्रिक पाकीट उघडताच गणित करून दर फुटला असता. याच नियमातून एक उपयोगी सुगावा मिळतो. 50,000 पाउंड ही दीड टक्क्याची कमाल धरली तर अंदाजित किंमत 33 लाख 33 हजार पाउंडांच्या खाली असू शकत नाही. हे मी अनुवादात घालत नाही. वेगळ्या कागदावर कारखानदारांना कळवते, आणि त्यांना सगळ्या पानातलं तेच वाक्य सर्वांत आवडतं.

सौदीत पद्धत निराळी आहे. तिथल्या 2019 च्या खरेदी कायद्यात ही अनामत 'दमान इब्तिदाई' नावाने येते आणि निविदाकाराच्या दराच्या एक ते दोन टक्क्यांमध्ये असते. तेव्हा टक्केवारी दिसली की 'कशाच्या टक्केवारीत' हे शब्द डोळ्यांत तेल घालून वाचायचे: निविदेच्या किमतीच्या की अंदाजित किमतीच्या. आणि अरबी छपाईत दशांश चिन्ह स्वल्पविरामासारखं असतं, त्यामुळे दीडाचे पंधरा टक्के होणं अगदी सोपं. कुवेतचा दिनार हजार फिल्सचा, म्हणून तिथे दशांशानंतर तीन आकडे येतात. पाचापुढे तीन शून्यं दिसली म्हणजे ते पाच हजारच असतील असं नाही, ते पाच दिनारही असू शकतात.

आता तो शब्द, ज्याने सर्वाधिक घोटाळे होतात: 'युरद्द'. नमुन्यात पुस्तिकेच्या किमतीपुढे त्याचंच स्त्रीलिंगी, नकारार्थी रूप 'ला तुरद्द' आहे. 'रद्द' मराठीत म्हणजे निविदा रद्द, गाडी रद्द. अरबीत 'रद्द' म्हणजे परत करणे. पुस्तिकेचे पैसे 'ला तुरद्द', म्हणजे परत मिळणार नाहीत. पुढे अटींच्या पुस्तिकेत येतं की अयशस्वी निविदाकारांची तअमीन 'युरद्द', म्हणजे ती परत केली जाईल. मराठी कानाने वाचलं तर ऐकू येतं की अनामत रद्द होईल. अर्थ अगदी उलटा. एवढ्यावर हे थांबत नाही. अरबीत स्वर बहुधा लिहीत नाहीत. त्यामुळे 'युरद्द', परत केलं जातं, आणि 'यरिद', येतं किंवा प्राप्त होतं, हे दोन शब्द कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. नमुन्याच्या शेवटच्या ओळीत 'मुदतीनंतर येणारी निविदा' असं आहे, ते 'यरिद'. त्याला 'परत केलेली निविदा' वाचलं तर वाक्य असं होतं: 'मुदतीनंतर परत केलेल्या निविदेची दखल घेतली जाणार नाही'. व्याकरणाने ठीक, अर्थाने वेडगळ. ओळखायची खूण सोपी आहे. कर्ता पैसे असतील तर परत करणं, कर्ता कागद किंवा पाकीट असेल तर पोचणं. माझ्या अनुभवात हा नियम शंभरात पंच्याण्णव वेळा चालतो. उरलेल्या पाचांत पाकीट न उघडता मालकाला परत धाडलं जातं, म्हणून पूर्ण वाक्य वाचल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

जप्तीचं कलम शब्दांच्या बाबतीत सरळ असतं, पण मन तिथे वळणं घेतं. समजा पुस्तिकेत लिहिलंय की पाकिटं उघडायच्या आधी निविदा मागे घेतली तरी अनामत खरेदीदाराचा हक्क होईल, वेगळी सूचना देण्याची गरज नाही. अशी अट इजिप्तच्या कागदांत भेटते. आपल्याला वाटतं, उघडायच्या आधी मागे घेतली तर कुणाचं काय बिघडलं, बहुधा 'उघडल्यानंतर' असेल, छापण्यात चूक झाली. आणि हात आपोआप दुरुस्ती करतो. ती दुरुस्ती कारखानदाराला पन्नास हजारांना पडते. विचित्र वाटणारं वाक्य म्हणजे दोनदा वाचायचं वाक्य. दुसऱ्यांदा वाचूनही तेच निघालं तर तसंच उतरवायचं.

हमीपत्र किती दिवसांचं?

नमुन्यात निविदा 90 दिवस वैध आहे, मोजणी तांत्रिक पाकिटं उघडल्याच्या तारखेपासून. पुस्तिकेत आणखी एक ओळ असते: हमीपत्र निविदेची वैधता संपल्यानंतर किमान तीस दिवस चालू राहिलं पाहिजे. 5 एप्रिलनंतरचा दिवस पहिला धरला तर नव्वदावा दिवस 4 जुलै 2026, शनिवार. 5 एप्रिलच पहिला धरला तर 3 जुलै. मी मोठी तारीख धरते, कारण हमीपत्र एक दिवस जास्त चाललं तर कुणी तक्रार करत नाही आणि एक दिवस कमी पडलं तर निविदा बाजूला पडू शकते. 4 जुलैनंतर तीस दिवस म्हणजे 3 ऑगस्ट, सोमवार. अनुवादात मात्र '90 दिवस, पाकिटं उघडल्याच्या तारखेपासून' एवढंच जातं. 3 ऑगस्ट ही माझी मोजणी आहे, खरेदीदाराची नाही, म्हणून ती टिपेत जाते. बैठकीची तारीख पुढे ढकलली गेली, आणि ती जातेच, तर अनुवादातली पक्की तारीख खोटी ठरते. शब्दांतली मुदत आपोआप पुढे सरकते.

याच कलमात बँकेसंबंधीची ओळ असते. हमीपत्र स्थानिक बँकेचं असावं, किंवा परदेशी बँकेचं असल्यास त्यावर स्थानिक बँकेचा 'तअशीर बिल-कबूल' हवा. 'तअशीरा' म्हणजे व्हिसा, हे आखातात जाऊन आलेल्या कुणालाही माहीत असतं, म्हणून एकाने त्याचं 'व्हिसा ऑफ अ‍ॅक्सेप्टन्स' केलेलं मी वाचलंय. अर्थ एवढाच की इजिप्तमधल्या बँकेने त्या हमीपत्रावर स्वीकाराची नोंद केलेली असावी. कोल्हापूरच्या बँकेचा कागद थेट पाकिटात घालून भागत नाही. आधी इथल्या बँकेने तिथल्या बँकेला प्रतिहमी द्यायची, मग तिथली बँक कागद काढणार. यात दिवस जातात, आणि बँकेचा अधिकारी इंग्रजी मसुदा पाहिल्याशिवाय फाइल उघडत नाही. म्हणून निविदा हातात आली की मी पान वरून खाली अनुवादित करत बसत नाही. आधी अनामतीचं कलम आणि वैधतेची ओळ करून तेवढीच बँकेकडे पाठवते. पात्रता दुसऱ्या दिवशी, पत्ते-शिक्के शेवटी.

हमीपत्र कुणाच्या लाभात काढायचं, हे अरबीत 'ली-सालिह' या शब्दांनंतर येतं. तिथलं संस्थेचं नाव मी इंग्रजीत भाषांतरित करून थांबत नाही. अरबी अक्षरांतलं नावही शेजारी जसंच्या तसं ठेवते. तिथल्या बँकेने नाव अरबीत टंकलं तर ते सूचनेशी अक्षरशः जुळलं पाहिजे. प्रांताचं नाव मागेपुढे झालं तरी समिती अडवू शकते.

कोल्हापूरच्या त्या पहिल्या निविदेत शेवटी एक वाक्य उरलंच होतं. 'तत्सम कामं' म्हणजे सांडपाण्याचेच पंप, की शेतीसाठी पुरवलेलेही चालतील, हे अरबीतून निघत नव्हतं. कारखानदारांचं सगळं मोठं काम शेतीच्या पंपांचं होतं. मी अनुवादात ते कलम मोघमच ठेवलं आणि सोबत खरेदीदाराला पाठवायचं दोन ओळींचं अरबी 'इस्तिफसार', म्हणजे खुलाशाची विनंती, लिहून दिलं. उत्तर नऊ दिवसांनी आलं. शेतीचे चालणार होते, पण अश्वशक्तीची एक अट त्या पत्रात पहिल्यांदाच दिसली. मग आम्ही ते पत्रही अनुवादित केलं आणि निविदेच्या कागदांना जोडलं.